आकाशातला काळा ठिपका आणि आरतीतला लाल ठिपका

प्रश्न : आमचे घराणे काही पिढ्यांपासून काशीत आहे आणि राहणे ब्रह्माघाटाजवळ. रोज पहाटे घाटावर जाऊन फोटो काढण्याचा छंद आहे. लेन्स बदलता येणारा, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरतो. गेल्या होळीपासून सूर्योदयाच्या प्रत्येक फोटोत आकाशात उजवीकडे वर एक करडा-काळा ठिपका दिसतो. लेन्स पुसली, दुसरी लावून पाहिली, ठिपका तिथेच. गंमत म्हणजे उभ्या फोटोत तो वर डावीकडे जातो. संध्याकाळी दशाश्वमेधच्या आरतीचे फोटो तिपाईवर कॅमेरा ठेवून, बराच वेळ शटर उघडे ठेवून काढतो. त्यांत काळा ठिपका क्वचितच जाणवतो, पण खाली डावीकडे अंधारात एक लाल टिंब असते. येथील एका दुकानदाराने ‘सेन्सर गेला, बदलावा लागेल’ असे सांगितले. खर्च ऐकून कॅमेरा परत घेऊन आलो. सेन्सर खरेच गेला आहे का? आणि वर्षभराच्या फोटोंचे काय करू?
— एक वाचक, वाराणसी

उत्तर : सेन्सर गेलेला नाही. तुमच्या कॅमेऱ्यात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि दुकानदाराने त्यांना एकच आजार समजून सर्वांत महागडे औषध सांगितले. आकाशातला काळा ठिपका ही धूळ आहे. आरतीतले लाल टिंब हा सेन्सरवरचा एक बिघडलेला पिक्सेल आहे. पहिली साफ करायची असते, दुसऱ्याला कॅमेऱ्याने वगळायचे असते. तुमच्या पत्रातल्या तपशिलांवरूनच बरेच कळते, तरी खात्री कशी करायची ते आधी पाहू.

लेन्स बदलूनही ठिपका हलला नाही, म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या धडात आहे. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत ठिपका म्हणून सहसा उमटतच नाही. फार तर सूर्यासमोर फोटो थोडा धुरकट येतो. उभ्या फोटोत ठिपका वर डावीकडे जातो, हा दुसरा पुरावा. कॅमेरा उभा धरताना आपण उजव्या हाताची मूठ वर नेतो, त्यामुळे आडव्या चौकटीची उजवी बाजू वर येते आणि वरची बाजू डावीकडे जाते. उजवीकडे वर असलेला ठिपका मग वर डावीकडेच दिसणार. तो जागचा हललेला नाही, चौकट फिरली आहे.

आता मुख्य चाचणी. सकाळी पूर्वेच्या रेतीवरचे धुक्याने पांढुरके झालेले आकाश तुम्हाला फुकट मिळते, त्याचा उपयोग करा. आयएसओ १०० ठेवा, फोकस हाताने मुद्दाम बिघडवा आणि एक फोटो f/16 ला, एक f/8 ला, एक f/4 ला घ्या. शटर उघडे असताना कॅमेरा थोडा हलवलात तरी चालेल, उलट बरेच. ढग, पक्षी पुसट होतील, पण कॅमेऱ्याच्या आत जे आहे ते कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्यामुळे रेखीव राहील. मग तिन्ही फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात पाहा. f/16 ला ठिपका लहान, काळा आणि बऱ्यापैकी काठदार असेल. f/8 ला तो मोठा आणि फिका होईल, f/4 ला एक पसरलेला करडा डाग उरेल किंवा काहीच दिसणार नाही. असे झाले तर ती धूळ, याविषयी शंका ठेवू नका. पिक्सेल बिघडलेला असता तर छिद्र लहान-मोठे केल्याने त्याच्या आकारात काडीचाही फरक पडला नसता.

असे का होते, ते समजून घेतले तर पुढची सगळी कामे सोपी जातात. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसतच नाही. सेन्सरच्या पुढे काचेच्या पातळ गाळण्यांचा एक थर असतो आणि धूळ त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर बसते. म्हणजे फोटोत दिसते ती धूळ नव्हे, तिची सावली. भिंतीला बोट टेकवले की सावली रेखीव पडते आणि बोट लांब नेले की विरते, तसेच इथे आहे. फरक इतकाच की धुळीचे अंतर कायम असते आणि उजेडाचा झोत रुंद-अरुंद होतो.

आकड्यांत पाहू. तुमचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असणार. सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर धरला तर एक पिक्सेल साधारण ०.००३९ मिलिमीटरचा झाला. काचेतल्या वक्रीभवनाचा हिशोब करून धूळ सेन्सरपासून १ मिलिमीटरवर आहे असे समजू आणि कण ०.०६ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीचा धरू. f/16 ला एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या अंतरावर १ भागिले १६, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर रुंद असतो. कण जवळपास तेवढाच, त्यामुळे तो सगळा उजेड अडवतो आणि ठिपक्याचा मध्य काळा होतो. f/4 ला हाच शंकू ०.२५ मिलिमीटरचा होतो. त्याच्या क्षेत्रफळात कणाचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास येतो. आकाश त्या जागी फक्त सहा टक्के काळवंडते, म्हणून ठिपका फिका. पण सावलीचा घेर वाढतो : f/16 ला सुमारे ३० पिक्सेल, f/4 ला ८० च्या जवळपास. तुमच्या फोटोत हे आकडे थोडे वेगळे येतील, पण चढता क्रम हाच राहील.

तुम्हाला आरतीत काळा ठिपका का जाणवत नाही, याचे उत्तरही यातच आहे. अंधारात तुम्ही छिद्र मोठे ठेवत असणार, आणि काळ्या पार्श्वभूमीवर सहा टक्के काळोखी कोणाला दिसणार? सूर्योदयाला मात्र नदी, नाव आणि पायऱ्या सगळे रेखीव हवे म्हणून f/11, f/16 वापरले जाते आणि वर निम्मी चौकट रिकामे आकाश. धुळीला याहून चांगला पडदा मिळायचा नाही. फिल्मच्या काळात ही तक्रार नव्हती, कारण प्रत्येक फोटोला नवी फिल्म पुढे सरकायची आणि आधीच्या चौकटीवरचा कचरा तिच्याबरोबर निघून जायचा. डिजिटल कॅमेऱ्यात तीच काच वर्षानुवर्षे समोर असते. २००३ मध्ये ऑलिम्पसने ई-१ या कॅमेऱ्यात ती काच श्राव्यातीत कंपनांनी झटकण्याची सोय पहिल्यांदा आणली. आता ती बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. कोरडी, हलकी धूळ तिने पडते. चिकट धुळीपुढे तिचे फारसे चालत नाही.

आणि तुमच्याकडची धूळ चिकटच असण्याची शक्यता अधिक. ठिपका होळीपासून आहे असे तुम्ही लिहिता. मणिकर्णिकेवर चितेच्या राखेने खेळली जाते ती मसाण होळी तुम्ही टिपली असेल आणि त्या गर्दीत लेन्स बदलली असेल, तर कण कुठून आला याचा फार शोध घ्यायला नको. राख, गुलाल, आरतीतल्या तुपाची आणि कापराची काजळी हे सगळे दमट हवेत काचेला धरून बसते आणि पावसाळा मध्ये गेला की अधिकच घट्ट होते. दुसऱ्या टोकाला पैलतीराची रेती. ती कोरडी, पटकन उडणारी, पण तिच्यात गारगोटीचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. ओल्या बोळ्याखाली असा एक कण सापडला आणि तुम्ही बोळा ओढला, तर काचेवर चरा पडेल आणि तो चरा मात्र कायमचा. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा : आधी हवा, मग चाचणी, आणि गरज उरली तरच ओली सफाई.

हवेसाठी रबरी फुग्याचा ब्लोअर घ्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार धुळीपेक्षा वाईट. दाबलेल्या हवेचा डबाही नको, कारण त्यातला द्रव बाहेर येऊन काचेवर डाग धरतो. खोलीतला पंखा बंद करा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि अर्धा तास तिथे कोणी वावरू नये असे पाहा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आरशाचा कॅमेरा असेल तर मेन्यूत Clean manually किंवा Lock mirror up for cleaning अशा नावाची सोय असते, तीच वापरा. ‘बल्ब’वर शटर उघडे धरून सफाई करण्याचा जुना मार्ग काही जण सांगतात. बोट सुटले की शटर थेट बोळ्यावर मिटते, त्यामुळे तो मार्ग मला मान्य नाही. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की काच सहसा समोरच असते. मात्र काही मॉडेल बंद करताच शटर मिटवून घेतात, त्यांनाही मेन्यूतूनच उघडावे लागते.

कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून धरा, ब्लोअरची नळी लेन्स बसते त्या कडीच्या आत न घालता आठ-दहा जोरदार झोत द्या, लेन्स लावा आणि f/16 चा फोटो पुन्हा घ्या. ठिपका गेला किंवा जागा बदलली, तर धूळ कोरडी होती. आणखी दोन फेऱ्यांत ती निघेल. तसूभरही हलला नाही, तर चिकट आहे.

ओल्या सफाईआधी कण कुठे आहे ते शोधून ठेवा. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, पण आपण पुढून पाहतो तेव्हा डावे-उजवे पुन्हा सरळ होते. त्यामुळे कॅमेरा नेहमीसारखा सरळ ठेवून समोरून आत पाहिले, तर फोटोतला उजवीकडचा वरचा ठिपका काचेवर उजवीकडेच, पण खाली असतो. समजा फोटोत तो वरच्या कडेपासून ७०० आणि उजव्या कडेपासून १८०० पिक्सेलवर आहे. मग काचेवर तो खालच्या कडेपासून सुमारे पावणेतीन आणि उजव्या कडेपासून सात मिलिमीटरवर असेल. विजेरी तिरपी धरून भिंगातून पाहा, बहुधा दिसेल. नाही दिसला तरी बिघडत नाही, पुसायची पूर्ण काच असते.

एपीएस-सी सेन्सरसाठी १६ मिलिमीटर रुंदीचे, पूर्ण आकाराच्या सेन्सरसाठी २४ मिलिमीटरचे बंद पाकिटातले स्वॅब मिळतात. त्यांची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी असते, म्हणून एका ओढीत सगळी काच पुसली जाते. सोबतच्या द्रवाचे दोनच थेंब स्वॅबच्या कडेवर टाका आणि ते शोषले जाईपर्यंत थांबा. ओघळ येईल इतका ओला स्वॅब कडांना थर सोडतो. एका कडेला टेकवून, थोडा तिरपा धरून, मध्ये न थांबता दुसऱ्या कडेपर्यंत न्या. मग उचलून स्वॅबची दुसरी बाजू वापरत परत या. झाले, स्वॅब फेकून द्या. त्याच स्वॅबने ‘आणखी एकदा’ पुसण्याचा मोह आवरा, पहिल्या ओढीत उचललेली रेती आता त्याच्या कडेवर बसली आहे. कानात घालायच्या काड्या, चष्म्याचे फडके, औषधाच्या दुकानातले स्पिरिट यांतले काहीही आत जाऊ देऊ नका. सेन्सर हलून कंपन रोखणारा कॅमेरा असेल तर दाब अगदी हलका ठेवा.

साफ केल्यावर काही आठवड्यांतच फिके, गोल, काठाशी उजळ कडी असलेले डाग पुन्हा येऊ लागले तर ते बाहेरच्या धुळीचे नसतील. शटरच्या यंत्रणेतले वंगण उडत असेल. निकॉनच्या २०१२ च्या डी६०० मॉडेलबद्दल अशा ठिपक्यांच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि अखेर २०१४ मध्ये कंपनीने शटरचे भाग विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. तुमचा एकच ठिपका आहे आणि तो वाढत नाही, तेव्हा तिकडे जायला नको.

आता लाल टिंब. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये अंधारातही थोडा विद्युतभार झिरपत असतो. एखाद्या पिक्सेलच्या सिलिकॉनमध्ये दोष असेल, तर तिथे ही गळती इतरांच्या कितीतरी पट असते. १/५०० सेकंदात ती दिसत नाही. पण शटर २०-३० सेकंद उघडे ठेवले की भार साचतो आणि अंधारात टिंब उजळते. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी असते. तुमचा दोषी पिक्सेल लाल गाळणीखाली असणार, म्हणून टिंब लाल. जेपेगमध्ये शेजारच्या पिक्सेलांचे रंग त्याच्या आधारे भरले जातात, म्हणून ते एका पिक्सेलचे न राहता छोटी फुली वाटते. धुळीच्या ठिपक्यासारखे ते छिद्राबरोबर पसरत नाही, हीच त्याची ओळख.

ही गळती तापमानाबरोबर वाढते, दर सहा ते आठ अंशांना ढोबळमानाने दुप्पट. जानेवारीतल्या दहा अंशांच्या संध्याकाळी आणि मे महिन्यातल्या पस्तीस अंशांच्या संध्याकाळी एकाच कॅमेऱ्यात दहा-बारा पट फरक पडतो. म्हणजे कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला जो पिक्सेल गप्प होता, तो उन्हाळ्यातल्या आरतीला बोलू लागतो. तासभर व्हिडिओ चालवून तापलेल्या कॅमेऱ्यातही तेच घडते. खात्रीसाठी कॅमेऱ्याला टोपण लावा, व्ह्यूफाइंडर झाका आणि ३० सेकंदांचा एक फोटो घ्या. पूर्ण काळ्या फोटोत त्याच जागी टिंब दिसेल. आणखी चार-पाच निरनिराळ्या रंगांची टिंबेही दिसली तर घाबरू नका. अडीच कोटींच्या आसपास पिक्सेलांत असे काही असायचेच, नव्या कॅमेऱ्यातही असतात आणि वर्षांगणिक त्यांत थोडी भर पडते.

उपाय बहुधा मेन्यूत आहे. ऑलिम्पस, फुजीफिल्म, पेंटॅक्स यांच्या अनेक कॅमेऱ्यांत आणि सोनी, निकॉन यांच्या अलीकडच्या काही मॉडेलांत Pixel Mapping नावाची सोय असते. ती चालवली की कॅमेरा शटर मिटून स्वतःच अंधारातला फोटो घेतो, दोषी पिक्सेलांची यादी करतो आणि यापुढे त्यांच्या जागी शेजारच्या त्याच रंगाच्या पिक्सेलांवरून किंमत भरतो. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत अशी वेगळी ओळ मेन्यूत नाही. तिथे टोपण लावून हाताने सफाईची सोय चालू करायची, मिनिटभर थांबायचे आणि कॅमेरा बंद करायचा, असा फोटोग्राफरांत रुळलेला तोडगा आहे. तो पुष्कळांना उपयोगी पडला आहे, पण हमी देता येणार नाही. यांतले काहीच जमले नाही, तर अधिकृत सेवा केंद्र हे काम सेन्सर न उघडता करते. मात्र कॅमेरा थंड असताना मॅपिंग केले तर फक्त उन्हाळ्यात जागे होणारे पिक्सेल यादीतून निसटतात. म्हणून अर्धा तास कॅमेरा वापरून झाल्यावर ते करा.

Long Exposure NR हा दुसरा मार्ग तुम्ही आरतीसाठी वापरू शकता. तो चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून आणखी ३० सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. साध्या गळतीला हे उत्तम. पण प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ थांबावे लागते, आणि आरती तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय जो पिक्सेल पूर्ण भरून पांढरा झाला आहे किंवा मुळातच मेलेला, कायम काळा आहे, त्याच्या जागी वजा करून उरते ते काहीच नाही. तिथे मॅपिंगच हवे.

राहिले वर्षभराचे फोटो. लाल टिंबासाठी वेगळे कष्ट नकोत. रॉ फाइल असेल तर बहुतेक रॉ सॉफ्टवेअर असे सुटे पिक्सेल उघडतानाच गाळते, आणि रॉथेरपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. काळ्या ठिपक्यासाठी एका आडव्या फोटोवर दुरुस्तीचे वर्तुळ ठेवा आणि तीच दुरुस्ती इतर आडव्या फोटोंवर एकगठ्ठा उतरवा. लाइटरूम आणि डार्कटेबल दोन्हींत हे होते. आधी कापलेले आणि सरळ केलेले फोटो या गठ्ठ्यातून बाजूला काढा. उभ्या फोटोंचा एक नमुना आधी तपासून पाहा, कारण वर्तुळ फिरलेल्या चौकटीबरोबर फिरले की नाही हे सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. मोकळ्या आकाशात ही दुरुस्ती बेमालूम बसते. पण ठिपका जिथे पंचगंगा घाटाच्या बुरुजाच्या कडेवर, छत्रीच्या काठीवर किंवा पतंगाच्या दोरीवर आला असेल, तिथे आपोआप निवडलेला तुकडा भलताच लागतो. असे फोटो एकेक करून हाताने दुरुस्त करा. f/4 ला काढलेल्या फोटोंना बहुतेक वेळा हातही लावावा लागणार नाही.

पुढच्या होळीला मणिकर्णिकेवर जाल तेव्हा एकच लेन्स लावून जा, आणि नावेत वारा असेल तर लेन्स बदलू नका. सेन्सर बदलण्याची गरज नाही. दुकानात द्यायचाच असेल तर फक्त ‘सेन्सरची सफाई आणि पिक्सेल मॅपिंग’ एवढेच काम लिहून द्या, आणि कॅमेरा परत घेताना f/16 ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काउंटरवरच काढून पाहा.